वर्षभराच्या स्प्रिंटच्या तारखा सुट्ट्यांशी कशा जुळवायच्या : २०२६ चं पुण्यातलं उदाहरण

दोन आठवड्यांच्या स्प्रिंटची वर्षभराची यादी करणं वरवर अगदी सोपं दिसतं. पहिली तारीख लिहायची, चौदा मिळवत जायचं, सव्वीस ओळी झाल्या की काम संपलं. खरा प्रश्न पुढे येतो. एखादी शेवटची तारीख सुट्टीवर पडते, कुणीतरी ती एक दिवस मागे घेतं, आणि तिथून पुढची सगळी यादी हळूहळू सरकते. डिसेंबरपर्यंत शुक्रवारचा रिव्ह्यू गुरुवारी कधी आला हे कुणालाच सांगता येत नाही. हे होऊ नये म्हणून मूळ तारीख आणि प्रत्यक्ष तारीख या दोन गोष्टी शेवटपर्यंत वेगळ्या ठेवायच्या. खालची सगळी पद्धत याच एका नियमावर उभी आहे.

उदाहरणासाठी पुण्यातली एक सॉफ्टवेअर टीम घेऊ. सोमवार ते शुक्रवार काम, सोमवारी प्लॅनिंग, दुसऱ्या शुक्रवारी रिव्ह्यू आणि रेट्रो. क्लायंट अमेरिकेत. वर्ष २०२६. यादी गूगल शीट्समध्ये किंवा एक्सेलमध्ये करता येईल, सूत्रं दोन्हीकडे तीच चालतात.

आधी सुट्ट्यांची यादी, आणि ती नेमकी कुणाची

राज्य सरकारची सार्वजनिक सुट्ट्यांची यादी तशीच्या तशी शीटमध्ये चिकटवायचा मोह होतो. पण खाजगी कंपनी त्या सगळ्या सुट्ट्या देत नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत वर्षाला आठ भरपगारी सण-सुट्ट्या द्याव्या लागतात. त्यातल्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या असतात, उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या. बऱ्याच कंपन्या यापेक्षा जास्त देतात, पण कोणत्या ते प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. म्हणून सूत्रात जाणारी यादी एचआरने कळवलेलीच हवी. सरकारी यादी शेजारी संदर्भासाठी ठेवा, कारण बँका, सरकारी कार्यालयं आणि मुलांच्या शाळा तिच्याकडे बघून चालतात आणि त्याचा परिणाम लोकांच्या रजांवर होतो.

आपल्या नमुना टीमची यादी अशी धरू: २६ जानेवारी, ३ मार्च (धुळवड), १९ मार्च (गुढीपाडवा), १ मे, १४ सप्टेंबर (गणेश चतुर्थी), २५ सप्टेंबर (अनंत चतुर्दशी), २ ऑक्टोबर, २० ऑक्टोबर (दसरा), १० नोव्हेंबर (बलिप्रतिपदा), २५ डिसेंबर आणि १ जानेवारी २०२७. स्वातंत्र्यदिन यंदा शनिवारी आहे आणि लक्ष्मीपूजन रविवारी. त्यामुळे त्या दोन्हींचा स्प्रिंटला उपद्रव नाही. अनंत चतुर्दशी राज्याच्या सर्वसाधारण यादीत नाही, पण पुण्यात विसर्जनाच्या दिवशी मध्यवर्ती रस्ते बंद असताना रिव्ह्यू ठेवण्यात अर्थ नाही, म्हणून ती इथे घेतली आहे.

शीटमध्ये `Holidays` नावाचं वेगळं पान करा. पहिल्या स्तंभात तारीख, दुसऱ्यात नाव, तिसऱ्यात वार. तारीख टाइप करण्याऐवजी सूत्राने लिहा:

```
=DATE(2026,11,10)
=TEXT(A2,"dddd")
```

दुसरी ओळ वाराच्या स्तंभासाठी आहे, आणि ती टाळू नका. तुमच्या शीटची भाषा-सेटिंग अमेरिकन असेल तर `10/11/2026` लिहिल्यावर १० नोव्हेंबरऐवजी ११ ऑक्टोबर नोंदला जातो. कुठलीही चूक दाखवली जात नाही, सूत्रं मुकाट्याने चालत राहतात आणि बलिप्रतिपदा कामाचा दिवस ठरते. `1/5/2026` ची ५ जानेवारी होते, `2/10/2026` ची १० फेब्रुवारी. `14/09/2026` मात्र चौदावा महिना नसल्यामुळे तारीख न राहता नुसता मजकूर होऊन बसतो. वाराचा स्तंभ असला की पहिला प्रकार लगेच पकडता येतो: १ मे समोर शुक्रवार हवा होता, सोमवार दिसला, म्हणजे दिवस-महिना उलटलाय. दुसऱ्या प्रकारासाठी `=COUNT(A2:A20)` करून बघा. हे सूत्र फक्त खऱ्या तारखा मोजतं, त्यामुळे आकडा यादीपेक्षा कमी आला तर कुठेतरी मजकूर शिरला आहे.

मूळ तारखांची माळ

आता `Sprints` पान. A स्तंभात १ ते २६ क्रमांक. पहिल्या स्प्रिंटची शेवटची तारीख H1 या एकाच खान्यात ठेवा, आपल्या उदाहरणात शुक्रवार, १६ जानेवारी २०२६. B2 मध्ये:

```
=$H$1+14*(A2-1)
```

हे सव्वीस ओळींत खाली ओढा. १६ जानेवारी, ३० जानेवारी, १३ फेब्रुवारी असं करत पंचविसावी तारीख १८ डिसेंबर आणि सव्विसावी १ जानेवारी २०२७ येते. प्रत्येक तारीख H1 पासून मोजली आहे, आधीच्या ओळीपासून नाही. त्यामुळे मधल्या एखाद्या ओळीत कुणी हाताने काही बदललं तरी पुढच्या ओळी जागच्या हलत नाहीत.

कोणता आठवडा, हे ठरवायची हीच वेळ

तारखा मागेपुढे करायला लागण्याआधी एक गोष्ट तपासा, जी बहुतेक टीम तपासत नाहीत. दोन आठवड्यांच्या चक्रात शुक्रवार ठरला तरी दोन पर्याय उरतात: १६ जानेवारीपासूनची माळ किंवा ९ जानेवारीपासूनची. २०२६ मध्ये या दोहोंत केवढा फरक आहे ते पाहा. राज्याच्या यादीत शुक्रवारी येणाऱ्या सुट्ट्या पाच: ३ एप्रिल (गुड फ्रायडे), १ मे, २६ जून (मोहरम), २ ऑक्टोबर आणि २५ डिसेंबर. यातल्या कोणत्याही दोन तारखांमधलं अंतर चौदाने भागलं जातं. म्हणजे पाचही तारखा एकाच माळेत पडतात. ९ जानेवारीची माळ धरली तर पाचही सुट्ट्या थेट स्प्रिंटच्या शेवटच्या दिवशी येतात. १६ जानेवारीची धरली तर एकही येत नाही. नुसती सुरुवात एक आठवडा पुढे नेल्याने पाच ठिकाणची ओढाताण वाचते.

आपल्या टीमच्या यादीवर हेच मोजलं तर ९ जानेवारीच्या माळेत तीन टकरा होतात (१ मे, २ ऑक्टोबर, २५ डिसेंबर), आणि १६ जानेवारीच्या माळेत दोन (२५ सप्टेंबर, १ जानेवारी). टक्कर दाखवायला G2 मध्ये हे लिहून खाली ओढा आणि शेवटी बेरीज करा:

```
=COUNTIF(Holidays!$A$2:$A$20,B2)
```

मग H1 मधली तारीख बदलून बेरीज बघत जा. बुधवारी संपणारी माळही बघण्यासारखी आहे. १४ जानेवारीपासूनच्या बुधवारांत २६ ऑगस्टची ईद-ए-मिलाद अडते, ७ जानेवारीपासूनच्या बुधवारांत ११ नोव्हेंबरची भाऊबीज. बाकी वर्ष मोकळं. वार निवडायचं स्वातंत्र्य असेल तर माझं मत बुधवारच्या बाजूने आहे, कारण शनिवार-रविवारला जोडून घेतलेल्या रजा शुक्रवार आणि सोमवार खातात, बुधवार सहसा सुटतो. पण कंपनीतल्या इतर टीम शुक्रवारी संपवत असतील आणि रिलीज एकत्र होत असेल, तर शुक्रवार धरून योग्य आठवडा निवडणंच शहाणपणाचं. आपण तेच केलं आहे.

प्रत्यक्ष तारखा

आता C स्तंभ. नियम असा: मूळ तारीख सुट्टीची असेल तर तिच्या आधीचा कामाचा दिवस धरायचा. C2 मध्ये:

```
=WORKDAY(B2+1,-1,Holidays!$A$2:$A$20)
```

एक दिवस पुढे जाऊन एक कामाचा दिवस मागे येणं, असं हे सूत्र चालतं. B2 कामाचा दिवस असेल तर तोच परत मिळतो, सुट्टी असेल तर त्याआधीचा. `+1` विसरलात तर प्रत्येक स्प्रिंट विनाकारण गुरुवारी संपलेला दिसेल.

मागे का, पुढे का नाही? २५ सप्टेंबरचा शेवट पुढे ढकलला तर तो सोमवारी, २८ तारखेला जातो. तो दिवस पुढच्या स्प्रिंटच्या प्लॅनिंगचा. एकाच दिवशी रिव्ह्यू, रेट्रो आणि प्लॅनिंग उरकायचं म्हटलं की तिन्हींचं मातेरं होतं, आणि पुढच्या स्प्रिंटचा एक दिवस आधीच्याने खाल्लेला असतो. मागे घेतलं तर नुकसान त्याच स्प्रिंटपुरतं राहतं आणि ते आधीपासून माहीत असल्यामुळे काम तेवढंच घेता येतं.

सुरुवातीच्या तारखेसाठी D2 मध्ये ५ जानेवारी लिहा, आणि D3 पासून खाली:

```
=WORKDAY(C2,1,Holidays!$A$2:$A$20)
```

ही सुरुवात प्रत्यक्ष शेवटावरून काढली आहे, आणि ते बरोबर आहे. C हा नेहमी B वरून निघतो, त्यामुळे घसरण साठत नाही. E2 मध्ये कामाचे दिवस:

```
=NETWORKDAYS(D2,C2,Holidays!$A$2:$A$20)
```

घसरण झाली आहे का हे ओळखायला B च्या शेजारी पुन्हा वार काढा. सगळ्या सव्वीस ओळींत शुक्रवारच दिसायला हवा. कुणी B मध्ये `=C2+14` असं जोडलं असेल तर सप्टेंबरपर्यंत सगळं ठीक दिसेल. मग २५ चा २४ झाला की पुढच्या मूळ तारखा ८ ऑक्टोबर, २२ ऑक्टोबर, ५ नोव्हेंबर अशा गुरुवारच्या होतील.

सप्टेंबर आणि दिवाळी

वर्षातले बहुतेक स्प्रिंट नऊ किंवा दहा दिवसांचे निघतात, त्यांच्यावर वेळ घालवायची गरज नाही. लक्ष द्यायचं ते या चार ओळींकडे:

| स्प्रिंट | सुरुवात | मूळ शेवट | प्रत्यक्ष शेवट | दिवस |
|---|---|---|---|---|
| १९ | १५ सप्टेंबर | २५ सप्टेंबर | २४ सप्टेंबर | ८ |
| २२ | २६ ऑक्टोबर | ६ नोव्हेंबर | ५ नोव्हेंबर | ९ |
| २३ | १२ नोव्हेंबर | २० नोव्हेंबर | २० नोव्हेंबर | ७ |
| २६ | २१ डिसेंबर | १ जानेवारी | ३१ डिसेंबर | ८ |

एकोणिसावा स्प्रिंट दोन्ही टोकांनी कापला जातो. सोमवारी, १४ सप्टेंबरला गणेश चतुर्थी, म्हणून प्लॅनिंग मंगळवारी. शेवटचा शुक्रवार विसर्जनाचा, म्हणून रिव्ह्यू गुरुवारी. सूत्रांनी हे आपोआप दिलं. पण गणपतीच्या पहिल्या आठवड्यात कोकणात जाणाऱ्यांच्या रजा सूत्राला दिसत नाहीत, त्या वेगळ्या मोजाव्या लागतात. सहा जणांची टीम असेल तर दहा दिवसांचे साठ मनुष्यदिवस होतात, आठ दिवसांचे अठ्ठेचाळीस. त्यातले दोघे तीन-तीन दिवस गावी असतील तर उरले बेचाळीस. एरवी टीम चाळीस पॉइंट पूर्ण करत असेल तर सरळ हिशोबाने अठ्ठावीस येतात. मी पंचविसाच्या पुढे जाणार नाही, कारण प्लॅनिंग, रिव्ह्यू आणि रेट्रोला लागणारे तास स्प्रिंट लहान झाला म्हणून त्या प्रमाणात कमी होत नाहीत.

दिवाळीच्या दोन ओळी सूत्राने एवढ्यावर आणल्या नव्हत्या. कंपनीची सुट्टी एकच, मंगळवार १० नोव्हेंबर. तेवढ्यावर बाविसावा स्प्रिंट ६ नोव्हेंबरला संपतो आणि तेविसावा ९ तारखेला सुरू होतो. पण ६ तारखेला धनत्रयोदशी आहे, ८ ला लक्ष्मीपूजन, ९ चा सोमवार दोन सणांच्या मध्ये अडकलेला आणि ११ ला भाऊबीज. कागदावर कामाचे असलेले हे दिवस प्रत्यक्षात रिकाम्या खुर्च्यांचे असतात. यासाठी साधा नियम ठेवा: ऑक्टोबरच्या सुरुवातीला रजा विचारून घ्यायच्या, आणि ज्या दिवशी निम्म्याहून जास्त टीम नाही तो दिवस `Holidays` मध्ये घालायचा, नावासमोर ‘टीम’ असं लिहून. आपल्या उदाहरणात ६, ९ आणि ११ नोव्हेंबर तसे घातले, म्हणून बाविसावा ५ तारखेला संपला आणि तेविसावा गुरुवारी, १२ ला सुरू होऊन सात दिवसांचा झाला. ‘टीम’ ही नोंद फक्त स्प्रिंटच्या यादीपुरती आहे. त्या दिवशी कामावर आलेल्याची हजेरी लागतेच, हे सगळ्यांना स्पष्ट सांगा.

दिवाळीत दोन स्प्रिंट जोडून एक तीन-चार आठवड्यांचा करावा असंही कुणी सुचवतं. मी ते करणार नाही. स्प्रिंटची लांबी कायम ठेवण्यामागचा हेतूच हा आहे की दर वेळी किती काम होतं याची तुलना करता यावी. सात दिवसांच्या स्प्रिंटमध्ये सात दिवसांचं काम घेतलं तर ती तुलना टिकते.

क्लायंटच्या सुट्ट्या वेगळ्या स्तंभात

अमेरिकेची यादी `Holidays` मध्ये मिसळू नका. तिकडे सुट्टी असताना इथे काम चालू असतं, त्यामुळे शेवटची तारीख हलवायची नसते. फक्त रिव्ह्यूची वेळ बदलायची असते. २०२६ मध्ये ४ जुलै शनिवारी आहे, म्हणून तिथली संघराज्य सुट्टी आदल्या दिवशी, शुक्रवारी ३ जुलैला धरली जाते. आपला तेरावा स्प्रिंट नेमका त्याच दिवशी संपतो. स्प्रिंट शुक्रवारीच संपवा, पण क्लायंटबरोबरचा रिव्ह्यू गुरुवारी, २ जुलैच्या संध्याकाळी घ्या. थँक्सगिव्हिंग २६ नोव्हेंबरला, चोविसाव्या स्प्रिंटच्या मधोमध येतो. तिथे अडचण वेगळी असते: आठवड्याच्या उत्तरार्धात विचारलेल्या प्रश्नांना सोमवारपर्यंत उत्तर मिळत नाही. अशा दिवसांसाठी `Client` नावाचं आणखी एक पान आणि त्यावर तेच `COUNTIF` सूत्र, एवढं पुरतं.

यादी वर्षभर हलते, तेव्हा

चंद्रदर्शनावर अवलंबून असलेल्या सुट्ट्या एखाद्या दिवसाने बदलू शकतात. कधी सरकार स्वतःच बदल करतं. २०२५ मध्ये ईद-ए-मिलादची सुट्टी राज्यभर शुक्रवारी, ५ सप्टेंबरला होती, पण दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी असल्यामुळे मुंबई शहर आणि उपनगरासाठी ती सोमवारी, ८ सप्टेंबरला नेण्यात आली. एकाच टीममधले काही जण मुंबईत आणि काही पुण्यात असतील तर त्यांच्या सुट्ट्या अशा वेळी वेगळ्या पडतात.

निवडणुकीची सुट्टी तर यादीत नसतेच. राज्यातल्या महापालिकांचं मतदान १५ जानेवारी २०२६ ला होणार हे डिसेंबरच्या मध्यावर जाहीर झालं. तोवर बहुतेक कंपन्यांची वर्षाची यादी तयार झालेली होती. आपल्या माळेत ही सुट्टी पहिल्या स्प्रिंटच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी पडते आणि १६ जानेवारीचा रिव्ह्यू मतमोजणीच्या दिवशी येतो. शेवटची तारीख बदलत नाही. पण दहाचे नऊ दिवस झाले, आणि गेलेला दिवस चाचणीचा होता. म्हणून कोड पूर्ण करण्याची अंतर्गत मुदत मंगळवारवर आणावी लागते.

अशा प्रत्येक बदलासाठी फक्त `Holidays` मध्ये एक ओळ घाला. C, D आणि E आपोआप बदलतात, B ला हात लावायचा नाही. विसावी ओळ ओलांडली तर सूत्रांतली `$A$20` ही मर्यादाही वाढवा, नाहीतर नवी सुट्टी यादीत दिसेल पण हिशोबात येणार नाही.

जिरात सगळे सव्वीस स्प्रिंट एकदम तयार करून ठेवू नका. पुढचे तीन पुरे. नाव देताना क्रमांक आणि मूळ तारीख घ्या, कारण प्रत्यक्ष तारीख बदलली की नाव खोटं ठरतं. बोर्डाच्या सेटिंगमध्ये `Working days` असेल तर तिथेही सुट्ट्या भरा, म्हणजे बर्नडाउनची रेघ सुट्टीच्या दिवशी काम राहिल्यासारखी सपाट दिसणार नाही.

२०२७ ची जोडणी

नव्या वर्षासाठी माळ नव्याने सुरू करायची नाही, A स्तंभात २७, २८ असं पुढे लिहायचं. सत्ताविसावा स्प्रिंट १५ जानेवारी २०२७ ला संपतो. आठवड्याची तपासणी मात्र पुन्हा करावी लागते, कारण २०२६ मध्ये कमी टकरांची ठरलेली माळ पुढच्या वर्षी तशीच असेल असं नाही. १९ फेब्रुवारी २०२७, म्हणजे शिवजयंती, शुक्रवारी आहे पण मधल्या आठवड्यात पडते. गुड फ्रायडे मात्र २६ मार्चला, थेट आपल्या माळेवर येतो. तो तुमच्या कंपनीच्या यादीत नसेल तर इथेच थांबा. असेल तर G स्तंभाची बेरीज दोन्ही आठवड्यांसाठी काढून बघा. माळ बदलायचीच ठरली तर वर्षअखेरचा आठ दिवसांचा सव्विसावा स्प्रिंट एक आठवडा वाढवून तो बदल तिथे करा. सुट्ट्यांमुळे त्या आठवड्यांची तुलना तशीही कुणी धरत नाही.